विकू की थांबू? माइंडट्रीच्या शंभर शेअर्सची गोष्ट

नोव्हेंबर २०२२ मधली सकाळ. पुण्याच्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. आवाजात टेन्शन. "अगं, माझ्या डिमॅटमधून माइंडट्रीचे शेअर्स गायब झालेत! शंभर होते. आता तिथे काहीच दिसत नाहीये." ब्रोकरला दोन मेल टाकून झाले होते, नवऱ्याशी एक छोटंसं भांडणही झालं होतं. काही दिवसांनी तिच्या खात्यात दुसऱ्याच नावाचे ७३ शेअर्स येऊन बसले, आणि मग तिचा पुढचा प्रश्न आला. "शंभरचे ७३ झाले म्हणजे माझे २७ कोणी खाल्ले?"

कोणीच खाल्ले नव्हते. पण हा प्रश्न विचारणारी ती एकटी नाही. आपल्यातले कितीतरी जण एसआयपी करतात, चार चांगले शेअर्स घेऊन ठेवतात, आणि एका सकाळी पेपरात वाचतात की आपली कंपनी कुणीतरी विकत घेतेय किंवा दुसरीत विलीन होतेय. मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चर्चा रंगते. "आता भाव दुप्पट होणार बघ!" असं म्हणणारा एक जण प्रत्येक टेबलावर असतो. "आत्ताच विकून टाक," म्हणणाराही एक असतोच. दोघांनीही ऑफरची कागदपत्रं वाचलेली नसतात.

हा सगळा मामला समजून घ्यायला माइंडट्रीइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. कारण एकाच शेअरच्या वाट्याला तीन वर्षांत दोन्ही गोष्टी आल्या. २०१९ मध्ये रोख पैसे देऊन झालेलं टेकओव्हर आणि २०२२ मध्ये शेअरच्या बदल्यात शेअर देऊन झालेलं मर्जर. घेणारी पार्टी आपल्या मुंबईची लार्सन अँड टुब्रो. जिला घेतलं ती बेंगळुरूची माइंडट्री. तेव्हा समजा, तुमच्याकडे माइंडट्रीचे शंभर शेअर्स आहेत. चला, त्यांच्यासोबत प्रवास करूया.

९८० हा आकडा आला कुठून?

१८ मार्च २०१९, सोमवार. एल अँड टीनं जाहीर केलं की कॅफे कॉफी डेचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ आणि त्यांच्या कंपन्यांकडचे माइंडट्रीचे २०.३२ टक्के शेअर्स आपण ९८० रुपये भावानं घेतोय. त्याशिवाय बाजारातून आणखी १५ टक्क्यांपर्यंत शेअर्स उचलायची ऑर्डरही ब्रोकरला दिली होती. माइंडट्रीच्या संस्थापकांनी कडाडून विरोध केला. त्यांच्याकडे मिळून साधारण १३ टक्केच होते, त्यामुळे विरोधाला धार होती पण मतं कमी होती. भारतीय आयटीतलं पहिलं हॉस्टाइल टेकओव्हर म्हणून हे प्रकरण गाजलं.

आता इथे सामान्य शेअरहोल्डरच्या बाजूनं उभा राहतो तो सेबीचा टेकओव्हर कोड. २०११ पासूनचा नियम असा आहे की कुणीही एखाद्या लिस्टेड कंपनीत २५ टक्के किंवा जास्त मतांचा हक्क मिळवायला निघाला, तर त्याला बाकीच्या शेअरहोल्डर्सकडून निदान २६ टक्के शेअर्स विकत घेण्याची ऑफर द्यावीच लागते. हिला म्हणतात ओपन ऑफर. एल अँड टीनं २६ ऐवजी ३१ टक्क्यांसाठी ऑफर दिली.

आणि भाव? तो घेणाऱ्याच्या मर्जीवर नसतो. मोठ्या विक्रेत्याशी ठरलेला भाव, आधीच्या साठ ट्रेडिंग दिवसांचा सरासरी भाव, घेणाऱ्यानं अलीकडे स्वतः मोजलेला भाव अशा काही आकड्यांपैकी जो सगळ्यात जास्त असेल, त्याहून कमी देता येत नाही. म्हणजे सिद्धार्थ यांच्यासारख्या बड्या शेअरहोल्डरला ९८० मिळाले, तर तुमच्या शंभर शेअर्सनाही ९८० चीच ऑफर यायला हवी. बड्याला बंद दाराआड वेगळा भाव आणि छोट्याला उरलंसुरलं, हे चालत नाही.

या नियमाला आणखी एक शेपूट आहे. ऑफर सुरू होण्याआधीच्या काळात घेणाऱ्या कंपनीनं बाजारातून एक जरी शेअर ९८१ ला घेतला, तर ओपन ऑफरचा भावही सगळ्यांसाठी ९८१ होतो. म्हणूनच एल अँड टीनं बाजारातली खरेदीही ९८० च्या छताखालीच ठेवली. टार्गेट कंपनीचा भाव ऑफरच्या आकड्याखाली चिकटून बसतो, त्याचं हे एक मोठं कारण. सगळ्यात मोठा गिऱ्हाईक त्या आकड्याच्या वर यायलाच तयार नसतो.

भाव उसळला का नाही?

पुस्तकी नियम सांगतो की टेकओव्हरची बातमी आली की टार्गेटचा शेअर उसळतो आणि घेणाऱ्याचा थोडा पडतो. पण माइंडट्रीच्या घोषणेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही शेअर्स खाली आले. अनेकांना धक्का बसला.

यात गूढ काहीच नव्हतं. घोषणेच्या दिवशी माइंडट्रीचा भाव बाजार बंद होताना ९६२ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ९८० हा त्याच्यावर जेमतेम दोन टक्के जास्त. एल अँड टीला यात रस आहे, ही कुजबुज बाजारात जानेवारीपासूनच होती, आणि भावानं आपली उडी त्याच आठवड्यांत मारून घेतली होती. ज्याला आपण 'प्रीमियम' म्हणतो, तो कधी मोजायला सुरुवात करायची यावर सगळं अवलंबून असतं. काल संध्याकाळच्या भावाशी तुलना केली तर दोन टक्के. अफवा सुरू होण्याआधीच्या भावाशी केली तर चित्र बदलतं. म्हणून पुढच्या वेळी 'अमुक टक्के प्रीमियम' अशी हेडलाइन दिसली, की आधी बघा तुलना कोणत्या तारखेच्या भावाशी केलीय.

मग पुढचे तीन महिने हा शेअर बहुतेक वेळ ९८० च्या थोडा खाली घुटमळत राहिला. इथे खूप जण म्हणतात, "अरे, बाजारात ९६० ला मिळतोय आणि समोरचा ९८० द्यायला तयार आहे. घ्या आणि द्या, वीस रुपये फुकट!" फुकट काहीच नाही. त्या वीस रुपयांत दोन गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली म्हणजे वेळ. घोषणा मार्चमध्ये झाली, पण सेबीच्या मंजुरीनंतर ऑफरची खिडकी उघडली १७ जूनला आणि बंद झाली २८ जूनला. तोवर तुमचे पैसे अडकलेले. आणि मधल्या काळात काही बिनसलं आणि ऑफरच फिसकटली, तर भाव थेट जुन्या पातळीकडे घसरणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक विसरतात. ऑफर ठरावीक टक्क्यांचीच असते, सगळ्या शेअर्सची नसते. मागितलेल्यापेक्षा जास्त शेअर्स आले तर सगळ्यांकडून प्रमाणात घेतात आणि उरलेले परत करतात. समजा शंभर हवे होते आणि सव्वाशे आले. मग तुमच्या शंभरातले ८० घेतले जाणार, २० परत. त्या ८० चे ९८० नं ७८,४०० रुपये मिळाले. पण उरलेल्या २० चं काय? ऑफर संपली की तो मोठा गिऱ्हाईक बाजारातून निघून गेलेला असतो. समजा भाव ८८० वर आला, तर त्यांचे १७,६०० रुपये. एकूण झाले ९६,०००. शंभरानं भागा. येतात बरोबर ९६० रुपये!

म्हणजे बाजारातला ९६० हा भाव स्वस्त नव्हताच. बाजारानं हाच हिशेब आधी करून ठेवलेला होता. ऑफरचा भाव आणि बाजारभाव यांत फरक दिसला की समजायचं, बाजार तुम्हाला काहीतरी सांगतोय. फरक छोटा असेल तर डील होणार, बहुतेक शेअर्स घेतले जाणार, असा विश्वास. फरक मोठा असेल तर शंका. आणि बाजारभाव ऑफरच्या वर गेला, तर लोकांना भाव वाढवून मिळण्याची किंवा दुसरा गिऱ्हाईक येण्याची आशा आहे. अशा वेळी ऑफरमध्ये शेअर देणं म्हणजे वरचा भाव सोडून खालच्या भावाला विकणं.

खिडकी उघडते तेव्हा

तुम्हाला कंपनीच्या नोंदीतल्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर 'लेटर ऑफ ऑफर' येतं. जाडजूड, कंटाळवाणं, बहुतेकदा स्पॅममध्ये पडलेलं. त्यातली चारच पानं वाचली तरी चालतं. भाव किती, किती शेअर्स घेणार, खिडकी कधी उघडणार-बंद होणार, आणि ऑफर कोणत्या अटीवर मागे घेता येते. खिडकी साधारण दहा कामकाजाच्या दिवसांची असते. शेअर्स द्यायचे असतील तर ब्रोकरमार्फत 'टेंडर' करायचे.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. आपल्याकडे एकदा टेंडर केलेले शेअर्स परत मागता येत नाहीत. त्यामुळे पहिल्याच दिवशी धावत जाण्यात काही शहाणपण नाही. बाजारभाव शेवटपर्यंत बघता येतो. शिवाय टार्गेट कंपनीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीला ऑफरबद्दलचं मत खिडकी उघडण्याआधी जाहीर करावं लागतं. माइंडट्रीत तर गंमतच होती. संस्थापक कडवे विरोधक, आणि स्वतंत्र संचालकांच्या समितीनं मात्र ९८० हा भाव योग्य असल्याचं सांगितलं. यात विसंगती नाही. कंपनी कुणाच्या हातात असावी हा संस्थापकांचा प्रश्न. हा भाव घ्यावा का, हा शेअरहोल्डरचा. पेपरात पहिल्या प्रश्नावर खूप छापून येतं, तुमच्या खिशाशी संबंध दुसऱ्याचा असतो.

ऑफर पूर्ण भरली. एल अँड टीचा वाटा साधारण ६० टक्क्यांवर गेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात संस्थापक राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि त्याच महिन्यात कंपनीचे तिमाही निकाल लागले. नफा वर्षभरापूर्वीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून जास्त घटलेला. शेअर धाडकन पडला आणि त्या पावसाळ्यात सातशेच्या आसपास आला.

आता तीन शेअरहोल्डर्स शेजारी उभे करा. एकानं मार्चमध्येच बाजारात ९६० ला विकून मोकळा श्वास घेतला. दुसऱ्यानं जूनमध्ये टेंडर केलं आणि घेतल्या गेलेल्या शेअर्सचे ९८० घेतले. तिसऱ्यानं पत्र उघडलंच नाही. त्याच्याकडे ऑगस्टमध्ये सातशेचा शेअर होता. शंभर शेअर्सवर २८,००० रुपयांचा फरक, आणि तोही एक न उघडलेला मेल! त्या घडीला तिसरा सगळ्यात मूर्ख वाटला असता. पण थांबा, गोष्ट संपलेली नाही.

घेणाऱ्या कंपनीच्या शेअरहोल्डरचं कोण ऐकतं?

टेकओव्हरच्या बातम्यांमध्ये एक माणूस कायम विसरला जातो. घेणाऱ्या कंपनीचा छोटा शेअरहोल्डर. त्याला ओपन ऑफर येत नाही, पत्र येत नाही. त्याचे पैसे मात्र खर्च होतात.

एल अँड टीच्या बाबतीत हे फारच झोंबणारं होतं. कंपनीनं २०१८ मध्ये आपलेच शेअर्स १,४७५ रुपयांनी परत घेण्याचं, म्हणजे ९,००० कोटींच्या बायबॅकचं ठरवलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये सेबीनं त्याला परवानगी नाकारली, कारण बायबॅकनंतर कर्जाचं प्रमाण नियमात बसत नव्हतं. दोनच महिन्यांत त्याच आकाराची रक्कम माइंडट्रीकडे निघाली. एल अँड टीच्या शेअरहोल्डरच्या डोळ्यांसमोरून पैसा त्याच्या खिशाऐवजी बेंगळुरूला गेला!

हिशेब सोपा आहे. माइंडट्रीचे एकूण शेअर्स साधारण साडेसोळा कोटी. त्यातले ६० टक्के ९८० च्या भावानं घेतले म्हणजे साडेनऊ हजार कोटींच्या वर. एल अँड टीचे स्वतःचे शेअर्स तेव्हा साधारण १४० कोटी. म्हणजे प्रत्येक शेअरमागे सत्तरएक रुपये. या सत्तर रुपयांतून पुढे सत्तरहून जास्त मिळणार का, एवढाच घेणाऱ्या शेअरहोल्डरचा प्रश्न असतो. टार्गेटला दिलेला प्रीमियम त्याच्याच खिशातून जातो. तो भरून निघायचा तर दोन कंपन्या एकत्र आल्यानं काही जास्तीची कमाई किंवा बचत व्हायला हवी. बाजार घोषणेच्या दिवशी याच्यावरच मत देतो, आणि साशंक असेल तर घेणाऱ्याचा भाव पाडतो.

हे मत कधी किती बरोबर ठरतं, त्यासाठी टाटा स्टील-कोरसचं प्रकरण आठवा. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी ब्रिटिश-डच पोलाद कंपनी कोरससाठी शेअरमागे ४५५ पेन्सची ऑफर दिली. ब्राझीलची सीएसएन मैदानात उतरली, बोली चढत गेली, आणि जानेवारी २००७ च्या अखेरीस रात्रभर चाललेल्या लिलावात टाटा ६०८ पेन्सवर जिंकले. सीएसएनची शेवटची बोली ६०३. कोरसचे शेअरहोल्डर रोख पैसे घेऊन खूश होऊन घरी गेले. इकडे मुंबईत देशाभिमानानं छाती फुगवणाऱ्या हेडलाइन्स छापल्या जात होत्या, आणि त्याच दिवशी टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. पुढे खरेदीच्या खर्चासाठी शेअरहोल्डर्सना राइट्स इश्यूत पैसे घालायची वेळ आली. २००८ च्या मंदीनंतर युरोपातल्या पोलादाची मागणी ढेपाळली आणि तो ब्रिटिश धंदा वर्षानुवर्षं तोटा करत राहिला. पोर्ट टॅलबटच्या शेवटच्या दोन ब्लास्ट फर्नेस २०२४ मध्ये बंद झाल्या. तिथे त्या पहिल्या दिवसाची बाजाराची शंका खरी ठरली.

माइंडट्रीत मात्र उलटं झालं. कोविडनंतर सगळ्या जगाला आयटीवाले हवेहवेसे झाले, आणि माइंडट्रीचा भाव २०२१ मध्ये चार हजारांच्या वर गेला. ९८० ला घेतलेली वस्तू! एल अँड टीवर डोळे वटारणारे गप्प झाले. यात एल अँड टीची हुशारी किती आणि आयटीच्या लाटेचं दान किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण त्या लाटेत जवळजवळ सगळ्याच आयटी कंपन्या वर गेल्या. आणि तो पत्र न उघडणारा तिसरा शेअरहोल्डर? तो सगळ्यात श्रीमंत निघाला. पण त्याच्या निर्णयाला शहाणपण म्हणू नका. त्यानं निर्णय घेतलाच नव्हता.

शंभरचे ७३ झाले कसे?

आता येऊया मैत्रिणीच्या २७ शेअर्सकडे. मे २०२२ मध्ये एल अँड टीनं जाहीर केलं की आपल्या दोन आयटी कंपन्या, एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री, एक होणार. या वेळी रोख पैसा नाही. माइंडट्रीच्या दर १०० शेअर्समागे इन्फोटेकचे ७३ शेअर्स. याला स्वॅप रेशो म्हणतात.

घोषणेच्या सुमारास इन्फोटेकचा भाव ४,६०० च्या आसपास आणि माइंडट्रीचा ३,४०० च्या आसपास होता. ७३ गुणिले ४,६०० म्हणजे ३,३५,८००. शंभर गुणिले ३,४०० म्हणजे ३,४०,०००. जवळपास सारखंच! २७ शेअर्स कोणी खाल्ले नाहीत. शंभर-शंभरच्या नोटा देऊन पाचशेच्या घेतल्या की नोटांची संख्या कमी होते, पैसा नाही. पण याच हिशेबात दुसरी गोष्टही दिसते. माइंडट्रीवाल्यांना इथे काही प्रीमियम मिळाला नाही. साहजिकच आहे. दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या ताब्यात, दुसरा बोली लावणारा कोणी येणार नाही. प्रीमियम स्पर्धेतून येतो, आणि इथे स्पर्धाच नव्हती.

अशा डीलमध्ये भावाचं वागणंही वेगळं. रोख ऑफरमध्ये टार्गेट एका ठरलेल्या आकड्याला चिकटतो. शेअर-स्वॅपमध्ये तो घेणाऱ्याच्या शेपटीला बांधला जातो. इन्फोटेकचा भाव १०० रुपयांनी पडला की माइंडट्री साधारण ७३ रुपयांनी पडणार, मग माइंडट्रीचे स्वतःचे निकाल कितीही झकास का असेनात. म्हणून घोषणेनंतर टार्गेटचा शेअर हातात ठेवणं म्हणजे घेणाऱ्या कंपनीचा शेअर घेण्यासारखंच असतं. ती कंपनी तुम्हाला आवडत नसेल, तर बाजारात विकून बाहेर पडायचं. अशा विलीनीकरणात ओपन ऑफरसारखी रोख पैशांची खिडकी सहसा नसते. शेअरहोल्डर्सचं मतदान होतं आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या शेअर्सच्या मूल्यापैकी तीन चतुर्थांश मतं बाजूनं पडावी लागतात. मग नॅशनल कंपनी लॉ ट्रायब्युनलची मंजुरी. एकदा ती मिळाली की तुम्ही विरोधात मत दिलं असलं तरी तुमचे शेअर्स बदलले जातातच.

नोव्हेंबरमध्ये विलीनीकरण लागू झालं. रेकॉर्ड डेटला ज्याच्या नावावर माइंडट्रीचे शेअर्स होते, त्याच्या खात्यातून ते गेले आणि काही दिवसांनी एलटीआयमाइंडट्री या नव्या नावाचे आले. मधले काही दिवस डिमॅट रिकामं दिसतं. आणि काही लोकांचे फोन येतात!

ज्यांच्याकडे दहाच शेअर्स होते, त्यांच्या वाट्याला ७.३ यायला हवे होते. अर्धामुर्धा शेअर खात्यात टाकता येत नाही, म्हणून सगळ्यांचे असे तुकडे एकत्र करून बाजारात विकतात आणि पैसे वाटून टाकतात. तेव्हा अशा वेळी बँकेत एखादी विचित्र छोटी रक्कम जमा झाली तर घाबरू नका.

कराचं एक टिपण

दोन्ही प्रकारांत कर वेगळा लागतो. ओपन ऑफरमध्ये तुम्ही शेअर विकलेला असतो, त्यामुळे नफ्यावर त्याच वर्षी भांडवली नफ्याचा कर. मर्जरमध्ये शेअर बदलून मिळतो, तेव्हा सहसा त्या क्षणी कर नाही. पुढे विकाल तेव्हा लागेल, आणि तेव्हा जुनी खरेदीची तारीख आणि जुनी किंमतच धरायची. समजा तुम्ही शंभर शेअर्स ९८० नं, म्हणजे ९८,००० ला घेतले होते. आता तेच ९८,००० रुपये ७३ शेअर्सवर वाटायचे. एका शेअरची किंमत झाली साधारण १,३४२ रुपये. ब्रोकरच्या ॲपवर कधीकधी इथे शून्य किंवा भलताच आकडा दिसतो, आणि लोक त्याच आकड्यावर रिटर्न भरतात. त्यामुळे जुनी काँट्रॅक्ट नोट जपून ठेवा.

राहता राहिला मूळ प्रश्न, विकू की थांबू? रोखीची ऑफर असेल तर स्वतःला एकच विचारा. हा गिऱ्हाईक उद्या निघून गेला, तर या भावाला मी हा शेअर नव्यानं घेईन का? 'नाही' असं उत्तर आलं तर टेंडर करा किंवा सरळ बाजारात विका. शेअरच्या बदल्यात शेअर मिळत असेल तर प्रश्न थोडा बदलतो. ती दुसरी कंपनी मी आज स्वतःहून घेतली असती का? आणि तुम्ही घेणाऱ्या कंपनीचे शेअरहोल्डर असाल, तर अभिमानाच्या हेडलाइन्स बाजूला ठेवून खरेदीची रक्कम आपल्या शेअर्सच्या संख्येनं भागून बघा. एका शेअरमागे किती रुपये जातायत ते कळलं, की पुढचं वाद घालायला सोपं जातं.